अनुभव धागा: आपोआप तयार झालेला गोषवारा पाठवण्यापूर्वी आकड्यांची रुजवात कशी घालता?

ऊसपट्टा
आमच्या कारखान्यात पूर्वी दैनिक गाळप अहवाल टंकलिखित झाला, की एक कारकून मूळ रजिस्टर मोठ्याने वाचत असे आणि दुसरा अहवालावर खुणा करीत असे. आता तक्ता एआय साधनाला दिला, की संचालकांना पाठवायचा परिच्छेद क्षणात तयार होतो. काल असा एक मसुदा वाचताना त्या जोडीची आठवण झाली, म्हणून हा धागा काढला आहे.

मसुद्यात असे लिहिले होते: "आजअखेर 4.38 लाख टन गाळप होऊन 4.97 लाख क्विंटल साखर तयार झाली असून उतारा 11.85 टक्के आहे. गतवर्षीपेक्षा गाळप 6.4 टक्क्यांनी अधिक असून उताऱ्यात 0.23 ची वाढ आहे."

मूळ तक्त्यात आजअखेर गाळप 4,38,600 टन, साखर 4,97,850 क्विंटल आणि उतारा 11.35 होता. 11.85 हा केवळ त्या एका दिवसाचा उतारा होता. गतवर्षी याच तारखेपर्यंतचे गाळप 4,12,300 टन आणि उतारा 11.62 होता. म्हणजे उताऱ्यात 0.27 ची घट असताना मसुदा वाढ सांगत होता. 11.85 मधून 11.62 वजा केले, तर 0.23 बरोबर येतात, त्यामुळे नुसता मसुदा वाचून कोणालाही शंका आली नसती. आपापल्या ठिकाणी असे काही सापडले असल्यास, आणि ते कसे सापडले, हे कृपया लिहावे.

गडहिंग्लजकर
मी फार सोपी पद्धत वापरतो. मसुद्यातील प्रत्येक आकडा Ctrl+F करून मूळ शीटमध्ये शोधतो. सापडला तर बरोबर, न सापडला तर चूक. दोन मिनिटांत काम होते.

हिशेबतपासनीस
गडहिंग्लजकर साहेब, आपल्या पद्धतीने वरचा 11.85 तपासून पाहावा. तो शीटमध्ये सापडतोच, फक्त तो "आज" या स्तंभात आहे आणि वाक्य "आजअखेर"चे आहे. उलट 4.38 लाख हा आकडा बरोबर असूनही सापडणार नाही, कारण शीटमध्ये 4,38,600 लिहिलेले आहे, आणि 6.4 टक्के तर शीटमध्ये कोठेच नाही, कारण तो काढलेला आकडा आहे. मनातून बनवलेला आकडा आपल्या पद्धतीने पकडला जाईल, हे मात्र मान्य.

मी मसुदा छापून घेतो, प्रत्येक आकड्याला गोल करतो आणि त्याशेजारी तो ज्या कप्प्यातून आला, त्याचा पत्ता लिहितो. पत्ता लिहिताना स्तंभाचे शीर्षक, कालावधी आणि एकक ही तिन्ही डोळ्यांखालून जातात. ज्याला पत्ता मिळत नाही, तो काढलेला आकडा समजून पुन्हा स्वतः काढतो. "निम्मा", "सर्वाधिक", "सलग तिसऱ्या दिवशी" अशा शब्दांनाही मी गोल करतो, कारण तेही आकडेच आहेत आणि चुका तेथे अधिक लपतात.

अनुजा_कागल
आमच्या गावच्या दूध संस्थेच्या यंत्रातून जी पावती आपोआप निघते, तिच्यात गेल्या पंधरवड्यात म्हशीच्या दुधाची फॅट एकदम कमी दाखवली आहे. ती पावतीसुद्धा अशीच चुकत असेल का? बिल निघण्यापूर्वी काय करावे?

ऊसपट्टा
अनुजाताई, आपला प्रश्न थोडा वेगळा आहे. तेथे आकडा मापनातून येतो, कोणी त्याचे वाक्य केलेले नसते. यंत्राची तपासणी कधी झाली, हे संस्थेत विचारावे आणि त्याच दुधाचा नमुना दुसऱ्या ठिकाणी तपासून घ्यावा.

पंचगंगाकाठ
मी पावसाळ्यात एका स्थानिक बातमीपत्रासाठी राजाराम बंधाऱ्यावरील पातळीची बातमी तयार करतो. तेथे इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट आहे, हे येथे शाळकरी मुलांनाही पाठ असते. पातळी फूट-इंचांत येते. कोणीतरी शीटमध्ये 39 फूट 9 इंच हे 39.9 आणि 39 फूट 10 इंच हे 39.10 असे भरले होते. शीटने शेवटचे शून्य गाळून 39.1 केले आणि साधनाने लिहिले, की पातळी 0.8 फुटाने उतरली. प्रत्यक्षात पाणी एका इंचाने चढले होते! संपादकाने खिडकीतून पाऊस पाहिला, म्हणून बातमी थांबली. तेव्हापासून फूट आणि इंच वेगवेगळ्या स्तंभांत भरतो.

शिवाजी पेठ
खिडकी हेच सर्वात स्वस्त पडताळणी साधन म्हणायचे! बंधाऱ्यावर सध्या पाणी किती आहे, तेही सांगून टाका.

रंकाळा_वारा
तपासायला इतका त्रास कशाला घ्यायचा? त्याच साधनाला "सर्व आकडे पुन्हा तपास" असे सांगितले, तर ते तपासून देते की.

ऊसपट्टा
तेही करून पाहिले. उत्तर आले, की सर्व आकडे तक्त्याशी जुळतात, आणि 11.85 तसाच राहिला. आमच्या तक्त्यात "आज" आणि "आजअखेर" ही शीर्षके वरच्या जोडलेल्या कप्प्यांत आहेत. मजकूर म्हणून चिकटवताना ती आकड्यांपासून सुटतात. गोंधळ त्यामुळेच होत असावा, असा माझा अंदाज आहे. आता प्रत्येक स्तंभाला "उतारा आजअखेर" असे पूर्ण नाव एकाच ओळीत दिले आहे. त्यानंतर गोंधळ कमी झाला, थांबला मात्र नाही.

गडहिंग्लजकर
पत्ता लिहिण्याचे पटले. पण मग उतारा तपासायला साखर भागिले गाळप केले की झाले ना? शेजारच्या कप्प्यात एकच सूत्र ठेवायचे:

```
=ROUND(C9/C5*10,2)
```

C9 मध्ये क्विंटल आणि C5 मध्ये टन.

हिशेबतपासनीस
ऊसपट्टा यांच्या आजअखेरच्या आकड्यांना हे सूत्र लावले, तर 11.35 येतात, म्हणजे त्यांच्याकडे तो पोत्यांत भरलेल्या साखरेवर काढत असावेत. मात्र भागाकार पूर्ण आकड्यांचा करावा. 4.98 ला 4.39 ने भागले, तर 11.34 येतात आणि नसलेली चूक शोधत बसावे लागते.

दैनिक उताऱ्याला हे सूत्र लावू नये. समजा, एका दिवशी 6,420 टन गाळप झाले आणि 7,240 क्विंटल साखर भरली. भागाकार 11.28 येईल, पण प्रयोगशाळेचा उतारा 11.85 असू शकतो, कारण त्या दिवशीच्या उसातील साखरेचा काही भाग अजून पॅन आणि क्रिस्टलायझरमध्येच असतो. ती तफावत चूक नव्हे. शिवाय रस किंवा बी हेवी मळी इथेनॉलकडे वळवली असेल, तर गतवर्षीच्या उताऱ्याशी थेट तुलनाच करता येत नाही. ती टीप तक्त्याच्या तळाशी असते आणि गोषवाऱ्यातून हमखास गळते. म्हणून मी शेवटी उलट दिशेनेही पाहतो, म्हणजे तक्त्यातील कोणती ओळ मसुद्यात आलेलीच नाही.

कसबा बावडा
4,38,600 चे 4.38 लाख का? 4.39 व्हायला हवेत.

ऊसपट्टा
आमचे अध्यक्ष वाढवून सांगितलेला आकडा खपवून घेत नाहीत, म्हणून आम्ही खालीच ठेवतो.

हिशेबतपासनीस
मग साखरेचेही 4.97 ठेवावे, आणि मसुद्यात तसे आहेच. पण टक्केवारी काढताना 6.38 चे 6.4 केले आहे. एकाच परिच्छेदात दोन रीती आहेत, हे अध्यक्षांच्या नजरेला आणून द्यावे, असे मला वाटते.

पंचगंगाकाठ
मी आता साधनाला आकडे देतच नाही. वाक्यात रिकाम्या जागा ठेवायला सांगतो आणि त्या शीटमधून भरतो.

ऊसपट्टा
परंतु "वाढ" की "घट", हा शब्द तर साधनाने आधीच लिहिलेला असतो ना? आमच्याकडे चुकले होते ते नेमके तेच.

पंचगंगाकाठ
होय, तेवढे मी अजूनही हाताने करतो. कोणी ते सूत्राने जमवले असेल, तर शीट दाखवावी.