डिस्चार्ज कार्डाचा फोटो आणि घरातला गोळ्यांचा डबा: वाटणी कशी करता?

धागाकर्ती: उदाहरण एकच धरू. अँजिओप्लास्टी होऊन पेशंट घरी आलाय. आधीपासून चालू होतं: सकाळी टेल्मिसार्टन 40, मेटफॉर्मिन 500 दोन वेळा, रात्री अ‍ॅस्पिरिन 75 आणि अटोर्व्हास्टॅटिन 10 एकत्र असलेली कॅप्सूल. कार्डावर आहे: अ‍ॅस्पिरिन 75, टिकाग्रेलॉर 90 (1-0-1), रात्री अटोर्व्हास्टॅटिन 40, आणि टेल्मिसार्टन 40 वेगळ्याच कंपनीच्या नावाने. यातली तीच कोणती, नवी कोणती, बदललेली कोणती आणि बंद कोणती, ही वाटणी कशी करायची? जाणकारांनी लिहावं.

औषधवाला: कागदावर डावीकडे घरातलं, उजवीकडे कार्डावरचं लिहा. कंपनीचं ठळक नाव नको, पट्टीवर बारीक अक्षरात असतं ते घटकाचं नाव आणि मिलिग्रॅम. लगेच दिसेल की टेल्मिसार्टन तेच आहे, फक्त नाव बदललं. दोन्ही पट्ट्या चालू राहिल्या तर बीपी उतरून उभं राहताना चक्कर येते. टिकाग्रेलॉर नवी. अटोर्व्हास्टॅटिन बदललेली, 10 ची 40. फसवते ती कॅप्सूल. तिचे दोन्ही घटक आता सुटे दिलेत. तीही घेतली तर अ‍ॅस्पिरिन दुप्पट आणि अटोर्व्हास्टॅटिन 50 होतं. ती बंद करायची ना, हे वॉर्डकडून पक्कं करून घ्या. कार्डावरच्या अ‍ॅस्पिरिन आणि टिकाग्रेलॉर या रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या मात्र स्वतःहून कधीच थांबवू नका, स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते.

मिरजकर: मेटफॉर्मिन कार्डावर नाही, म्हणजे बंद. सोपं आहे.

औषधवाला: बंद केलेली, तात्पुरती थांबवलेली आणि लिहायची राहून गेलेली, तिन्ही कार्डावर सारखीच दिसतात, म्हणजे दिसतच नाहीत. अँजिओप्लास्टीत डाय देतात. किडनी कमजोर असेल तर मेटफॉर्मिन साधारण 48 तास थांबवतात आणि क्रिएटिनिन बघून पुन्हा सुरू करतात. त्याच दिवशी फोन करून विचारा, ‘थांबवली की बंद? पुन्हा कधीपासून?’ उत्तर मिळेपर्यंत तिच्यापुढे प्रश्नचिन्ह ठेवा.

संध्या_ठाणे: सासूबाईंची पट्टी कापलेली आहे, नाव गेलंय. पांढरी, गोल. इथे फोटो टाकू का?

औषधवाला: नको. पांढऱ्या गोल गोळ्या शेकड्यांनी आहेत. ती बाजूला ठेवा, बिल शोधा.

दुबईहून: फोटो मागवताना प्रत्येक पान वेगळं, मागची बाजूसुद्धा. कागदाच्या घडीत 2.5 मधला बिंदू जातो आणि 25 वाचलं जातं. व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, अक्षर फुटत नाही. ‘5 दिवस’ असं लिहिलेल्या गोळीपुढे शेवटची तारीख घाला.

मिरजकर: बंद झालेल्या पट्ट्या लगेच टाकून द्याव्यात. डब्यात राहिल्या की कोणीतरी देतंच.

धागाकर्ती: फॉलोअपला डॉक्टर जुन्या पट्ट्या बघायला मागतात. मी वेगळ्या पिशवीत, वर ‘बंद’ लिहून, दुसऱ्या खोलीत ठेवायला सांगते.

मिरजकर: घरात लहान मूल असेल तर तेही पटत नाही.

नर्स_सोलापूर: एक राहिलं. डिस्चार्जच्या दिवशी सकाळच्या गोळ्या वॉर्डात दिल्या का, निघण्यापूर्वी विचारून कार्डावर लिहून घ्या. दुपारी घरी पोचल्यावर ‘सकाळची राहिली’ म्हणून बीपीची गोळी पुन्हा दिली जाते.