‘ऊब’ हे नाव सोलापूरबाहेर चालेल का?

चाटीगल्ली: आमच्या घरी चादरीचे माग आहेत. मी आणि बहीण आता थेट गिऱ्हाइकाला ऑनलाइन विकणार आहोत. यादीतून ‘ऊब’ नाव सगळ्यांना पसंत पडलं. काल लखनौच्या एका व्यापाऱ्याला फोनवर सांगितलं, तर तो म्हणाला, “ऊब? ऐसा नाम क्यों?” हिंदीत ऊब म्हणजे कंटाळा. बहीण म्हणते, चादर समोर असली की अर्थ आपोआप कळतो. तुम्हाला काय वाटतं? कन्नड, तेलुगू, इंग्रजीत काही खटकतं का?

मायबोलीचा_पाईक: अजिबात बदलू नका. ऊब, उबारा, उबदार, किती सुंदर शब्द आहेत! हिंदीवाल्यांच्या सोयीसाठी आपण आपले शब्द का सोडायचे?

नीलांबरी: शब्द सोडा असं कोण म्हणतंय? प्रश्न गिऱ्हाइकाच्या कानाचा आहे. ताई, नाव नुसतं तपासू नका, वाक्यात घालून बघा. पार्सल निघालं की मेसेज जाणार, “आपकी ऊब आ रही है.” तिथे चादर समोर नसते, नुसता मोबाइल असतो. मी भाषांतराच्या कामात अशी नावं तपासते. फोनवर स्पेलिंग न सांगता नाव म्हणायचं, समोरच्याला लिहून घ्यायला सांगायचं आणि मग विचारायचं, पहिलं काय मनात आलं. माल कसला ते शेवटी सांगायचं. ‘काही वाईट अर्थ आहे का’ असं कधी विचारू नका. माणूस एक तर ओढूनताणून अर्थ काढतो, नाहीतर भिडेखातर ‘नाही’ म्हणतो.

पूर्वभागकर: तेलुगूत ‘ऊबि’ म्हणजे दलदल, पाय रुतला की निघत नाही ती. ‘ऊबकायम्’ म्हणजे लठ्ठपणा. आमच्यात शेवटी स्वर लागतो, त्यामुळे ऊबचं ‘ऊबु’ होणार. आजीला नुसतं म्हणून दाखवलं, तर तिने ‘ऊबि’च ऐकलं. मला मात्र काही खटकलं नाही, कारण माझं शिक्षण मराठीत झालं. सोलापुरातल्या तेलुगू माणसाला विचारून उपयोग नाही ओ ताई, तो अर्धं मराठीतूनच ऐकतो. हैदराबाद, वरंगलच्या माणसाला विचारा.

अक्कलकोट_नाका: कन्नडात ‘ऊब’ असा शब्द मी ऐकला नाही. जवळचा म्हणजे ‘उब्बस’, दमा. पांघरुणाला हे नाव दिलं तर दम्याची आठवण नको वाटेल. पण आवाज तसा लांब आहे. मी असतो तर घाबरलो नसतो.

सायवाले_काका: आमचंही असंच झालं. डेअरीला ‘साय’ नाव दिलं, बोर्डावर इंग्रजीत Sai लिहिलं. आता सगळे साईबाबांची डेअरी म्हणतात, गुरुवारी पेढे मागायला येतात. तुम्ही बोर्ड देवनागरीतच करा.

नीलांबरी: काका, ऑनलाइन दुकानाचा पत्ता बहुधा रोमनमध्येच टाइप होतो. खरी अडचण तिथे आहे. `Ub` लिहिलं तर कोणी ‘अब’ वाचेल, कोणी ‘उब’. `Oob` लिहिलं तर उच्चार बरोबर येतो, पण पत्त्यात शब्द जोडून येतात. आधी b ने संपणारा शब्द आला की संपलं. `cluboob` वाचून बघा. Weboob नावाचं एक मुक्त सॉफ्टवेअर होतं, त्याला नावावरूनच विरोध झाला आणि शेवटी ते Woob झालं.

व्युत्पत्तीवेडा: हिंदी कशाला, मराठीतच ‘उबग’ आहे! जिवाला उबग आला. उद्वेग या शब्दातून आला असणार. आणि ऊब ‘ऊष्म’मधून. मूळ वेगळं, तेव्हा काळजी नको.

अक्कलकोट_नाका: गिऱ्हाईक मूळ बघून खरेदी करतं का? आणि ‘उबट’ विसरलात. ओला टॉवेल घडी करून ठेवला की उबट वास येतो. कापडाच्या धंद्यात हा शब्द रोजचा आहे.

मायबोलीचा_पाईक: मग ‘उबदार’ ठेवा. वाद मिटला.

नीलांबरी: ‘उबदार’ तर मालाचं सरळ वर्णनच झालं. चादरीसाठी, म्हणजे वर्ग २४ मध्ये, ट्रेडमार्क मागितलात तर नेमका हाच आक्षेप येईल. ‘ऊब’वरही येऊ शकतो. मराठी शब्दाचा अर्थ त्यांना कळतोच.

चाटीगल्ली: यादीत दुसरं नाव ‘मऊ’ होतं. ते?

पूर्वभागकर: उत्तर प्रदेशात मऊ नावाचा जिल्हाच आहे, आणि तिथेही यंत्रमाग आहेत. तिकडच्यांना वाटेल माल मऊचा आहे. सोलापूरच्या चादरीचं नाव मागेच राहील.

व्युत्पत्तीवेडा: ‘मऊ’ हा ‘मृदू’चाच अवतार. पण उबगबद्दल कोणी काही बोललं नाही. उद्वेगमधला ‘व’ ‘ब’ कसा झाला, हे सांगा कोणी तरी.

मायबोलीचा_पाईक: उबग उद्वेगातून आला हे मला पटत नाही. आमच्याकडे धान्य उबलं म्हणतात, दमट जागेत कोंडून गरम झालं की. तसंच माणसाचं मन कोंडलं की उबग. म्हणजे तोही ऊबमधूनच.

चाटीगल्ली: वरंगलचं कोणी ओळखीचं आहे का? फक्त दोन मिनिटं फोनवर हवेत.

व्युत्पत्तीवेडा: मग ‘उबगणे’मधला ‘ग’ कुठून आला?