मदत हवी आहे: शून्य टक्के हप्त्यात लपलेलं व्याज कसं काढायचं?

डिचोलीकर: चवथीआधी फ्रिज घ्यायचा आहे. म्हापशाच्या एका दुकानात किंमत ४८,००० सांगितली. शून्य टक्के व्याजाने ४,००० चे १२ हप्ते, पहिला महिन्याभराने. प्रोसेसिंग फी जीएसटी धरून ५९०, ती आजच भरायची. रोख दिले तर ४५,००० ला देतो म्हणाला. पैसे एफडीत आहेत. मग हे खरंच शून्य टक्के का?

सांजवात: ३,००० भागिले ४८,०००, म्हणजे सव्वासहा टक्के. एफडीला जास्त मिळत असेल तर हप्ते घ्या, एफडी मोडू नका.

मांडवीकाठ: फ्रिज कुठला घेताय? आमच्याकडे समुद्राच्या हवेने दोन वर्षांत मागची जाळी गंजली.

हिशोबी: सांजवात, सूट धरलीत ते बरोबर, पण दोन ठिकाणी चुकलात. आज फ्रिजची खरी किंमत ४५,००० आहे, ४८,००० नव्हे. आणि ते पैसे वर्षभर तुमच्याकडे राहत नाहीत. सहा हप्ते भरल्यावर २३ हजारांच्या आसपासच देणं उरतं, तरी तुम्ही भाग देताय पूर्ण रकमेने.

डिचोलीकर, असं बघा. हप्ते घेतलेत तर आज ४५,००० वाचतात, पण ५९० जातात. म्हणजे हातात कर्ज आलं ४४,४१० चं, फेड ४८,००० ची. एक्सेलमध्ये हे टाका:

```
=RATE(12,-4000,44410)*12
```

वर्षाला सुमारे १४.६ टक्के येतं. फी नसती तर १२ च्या जरा वर. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना सांगितलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही नसतंच.

सांजवात: अरे हो, शिल्लक घटते हे डोक्यातच आलं नाही.

डिचोलीकर: आज परत फोन केला. आता म्हणतो पहिला हप्ता खरेदीच्याच दिवशी. एक महिना लवकर, एवढाच ना फरक?

हिशोबी: फरक बराच पडतो. आजच ४,००० गेले, म्हणजे कर्ज उरलं ४०,४१० चं आणि हप्ते ११.

```
=RATE(11,-4000,40410)*12
```

सव्वासतरा टक्क्यांच्या वर गेलं. एफडी मोडायची नसेल तर तिच्यावर कर्ज मिळतं का बघा, ते बहुधा एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्केच महाग असतं.

मांडवीकाठ: माझ्या क्रेडिट कार्डावर व्याजाएवढी सूट आधीच मिळाली, तरी त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागला. तुम्हालाही लागेल.

हिशोबी: तो कार्डाचा प्रकार वेगळा, इथे दुकानाची फायनान्स कंपनी आहे. डिचोलीकर, ४५,००० चं पक्कं बिल मिळणार ना? बिलाशिवाय असेल तर वॉरंटी अडेल, आणि ही तुलनाच चुकेल.

डिचोलीकर: ते विचारलंच नाही. शुक्रवारी बाजाराला जाईन तेव्हा विचारतो. यूपीआयने दिले तरी सूट देतो का, तेही.