मदत हवी आहे: डिस्ट्रिब्युटरशिपचा करार रद्द करता येईल का?

नमस्कार मंडळी, सांगलीत फरसाणची डिस्ट्रिब्युटरशिप घेतलीये, 4 लाख डिपॉझिट भरलं. सहीआधी एरिया मॅनेजरने व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून दिलं होतं की इथे 140 दुकानं दर महिन्याला माल उचलतात. त्यावर विसंबून टेम्पो घेतला, गोडाऊन भाड्याने घेतलं, आणि प्रत्यक्ष फिरलो तर जेमतेम 50 दुकानं, एका काकांनी तर फळीवरून एक्स्पायरी पाकिटं काढून समोर ठेवली, म्हणाले आधी हे परत घ्या.

1872 च्या करार कायद्याचं कलम 19 वाचलं, चुकीची माहिती देऊन संमती घेतली तर करार रद्द करता येतो, पण साध्या चौकशीत खरं कळण्यासारखं असेल तर नाही. मग मी आधी दुकानं फिरलो नाही हे माझ्यावरच शेकणार का? की मॅनेजरला आकडा खोटा असल्याचं माहीत होतं हे दाखवलं तर ती कलम 17 ची फसवणूक होते आणि ही अडचण येत नाही?

खरी भीती वेगळीच आहे, सगळं कळल्यावरही मी एक ऑर्डर उचलली, म्हणजे करार मान्य केला असं धरतील का?

भाऊ म्हणतो "चूक झाली" म्हण, पण कलम 20 ला दोघांचाही गैरसमज लागतो, इथे फक्त माझा होता. "आजच सही करा, दुसरा तयार आहे" हा अनुचित दबावही नव्हे असं मला वाटतं, कारण मॅनेजरचं माझ्यावर तसं काही वर्चस्व नव्हतं.

नोटीस पाठवायच्या आधी कुणी अनुभवी सांगा, उरलेला माल परत करू की तसाच ठेवू?