मदत हवी आहे: फोटोग्राफीवर पोट भरेल का हे ओळखायचं कसं?

उजेडवेडा
नमस्कार मंडळी, थोडक्यात लिहितो कारण वेळ नाहीये. गेली सहा वर्षं फोटो काढतोय, सगळे म्हणतात हात चांगला आहे, पैसे घेऊन पण कामं केलीत. आता नोकरी सोडून हेच करावं असं डोक्यात आहे आणि महिनाअखेर नोटीस द्यायची की नाही ते ठरवायचंय. "मनाचं ऐक" टाइप सल्ले नकोत प्लीज. चालेल की नाही हे आधीच कसं कळतं तेवढं सांगा.

निवांत
वाचतोय. जाणकार येतीलच.

कुंडीतलं_जंगल
माझा अनुभव सांगते, मी रोपं विकते. १०० फांद्या लावल्या की ६०-६५ला मुळं फुटतात, त्यातली पाच-सहा पुढे कुजतात आणि विकायची वेळ येईपर्यंत निम्मीच धड दिसतात. पहिल्या वर्षी मी हिशोब १००चा धरला होता! म्हणून सांगते, मेलेली रोपं पण मोजा.

उजेडवेडा
ताई, फोटो कुजत नाहीत हो 😀

जुना_ट्रायपॉड
कुजतात रे, फक्त वास येत नाही. कसले फोटो काढतोस ते लिहिलंच नाहीस. पक्षी, प्रॉडक्ट, कार्यक्रम? पैसे घेऊन किती कामं केलीस आणि त्यातले अनोळखी किती?

उजेडवेडा
अरे हो, राहिलंच. लहान मुलांचे वाढदिवस आणि फॅमिली फोटो. सहा महिन्यांत ११ कामं, सगळे खूश. अनोळखी म्हणजे... दोन. बाकी ऑफिसातले, नात्यातले. पण पैसे त्यांनीही दिलेत, त्याने काय फरक पडतो?

स्क्रोलपती
फरक काही नाही. मेन गोष्ट म्हणजे सोशल मीडिया. रोज एक रील टाक, दहा हजार फॉलोअर झाले की क्लायंट आपोआप येतात. रेट कमी ठेव, आधी नाव होऊ दे, मग वाढव.

जुना_ट्रायपॉड
रील टाकू नको असं नाही म्हणत, माझी पण दोन-चार कामं तिथून आलीत. पण फॉलोअर बुकिंग करत नाहीत, निम्मे तर आपल्यासारखेच कॅमेरेवाले असतात. आणि स्वस्तातलं गिऱ्हाईक पुढे स्वस्तातलंच गिऱ्हाईक पाठवतं, ते रेट सांगूनच पाठवतं. मी दोन वर्षं त्यात अडकलो होतो.

उजेडवेडा, ओळखीचा माणूस तुला बोलावतो तेव्हा तो दुसऱ्या कुणाकडे बघतच नाही. अनोळखी माणूस चार जणांचं काम बघून, रेट विचारून तुला निवडतो, धंद्यात रोज हेच होणार. म्हणून माझ्या लेखी तुझी कामं ११ नाहीत, दोन आहेत. आता शेवटच्या कामाला एकूण तास किती लागले ते लिही. पहिल्या फोनपासून शेवटची फाइल देईपर्यंत.

उजेडवेडा
तीन तासांचा वाढदिवस होता.

जुना_ट्रायपॉड
ते शूटिंग झालं. बाकीचं?

उजेडवेडा
बरं, बसून काढले. जाणं-येणं दोन तास. ९०० फ्रेम होत्या, त्यातून निवडायला दोन. १२० फोटो दिले, एकेकाला सरासरी चार मिनिटं, म्हणजे आठ तास. फोन, मेसेज, बिल मिळून एक. मग त्या मुलाच्या आईने "या फोटोत माझा दंड जाड दिसतोय" वगैरे म्हणून परत पाठवले, त्यात दोन. टोटल १८!!! आणि मी पैसे तीन तासांचे सांगितले होते. ताशी काढलं तर पगाराच्या पाव पण पडत नाही. कुंडीवाल्या ताईंची माफी मागतो, ७८० फ्रेम मेल्या माझ्या.

कुंडीतलं_जंगल
😄 सांगत होते.

लेन्सकर
मित्रा, बॉडी कुठली वापरतोस? वाढदिवसाला ३५ची लेन्स घ्यावी की ५०ची? मी घ्यायच्या विचारात आहे.

जुना_ट्रायपॉड
लेन्सकर, वेगळा धागा काढा की. आणि उजेडवेडा, सध्याच्या रेटने घर चालवायला महिन्याला किती कामं लागतील?

उजेडवेडा
कॅमेऱ्याची झीज न धरता १४.

जुना_ट्रायपॉड
१४ गुणिले १८ म्हणजे २५२ तास. आठवड्याला ४५ तास काम केलंस तरी महिन्याचे १९५च्या आसपास होतात. म्हणजे या रेटला तुझा फोन सतत वाजत राहिला तरी घर चालत नाही, आणि हे रीलने सुटत नाही, उलट लवकर दमशील. त्यात वाढदिवस लोक शनिवार-रविवारीच करतात, ते महिन्यात आठ ते दहाच. रेट दुप्पट केलास तर सात कामं, १२६ तास, हे बसतं. पण मग प्रश्न असा की महिन्याला सात अनोळखी येतील का? आत्ता सहा महिन्यांत दोन आलेत.

स्क्रोलपती
दुप्पट केला तर ते दोन पण पळतील.

जुना_ट्रायपॉड
पळतीलही. तेच तर नोकरी असताना बघून घ्यायचं. पुढच्या पाच अनोळखी चौकश्यांना दुप्पट रेट सांग आणि गप्प बस, "परवडत नसेल तर कमी करतो" असं आपणहून बोलायचं नाही. पाचही हो म्हणाले तर अजून कमीच सांगतोयस. एक-दोन हो म्हणाले तर काहीतरी आहे त्यात. आणि चौकश्या पाच जमायलाच तीन महिने लागले तर तेही उत्तरच आहे.

बेसूर_पण_हौशी
मी गिटार वाजवायचो, कार्यक्रमांतून. पैसे वाजवण्यात नव्हते, शिकवण्यात होते, कारण विद्यार्थी दर महिन्याला येतो आणि कार्यक्रम एकदाच होतो. आज १२ मुलं शिकतात, ठीक चाललंय. पण घरी स्वतःसाठी वाजवणं बंद झालंय. तुमच्यात पण दर महिन्याला परत येणारं गिऱ्हाईक कोण, ते बघा. वाढदिवस वर्षातून एकदा.

जुना_ट्रायपॉड
हा मुद्दा मोलाचा आहे. मी वाढदिवसांवर जगत नाही, दोन छोट्या कारखान्यांचे प्रॉडक्ट फोटो करतो, ते दर महिन्याला असतात आणि तेही कामाच्या दिवशी. त्यात मजा कमी आहे, खोटं कशाला बोलू.

पावसाळी
एक सांगू? माझं एका समारंभात मेमरी कार्ड उडालं. एकच कार्ड होतं, सॉफ्टवेअरने निम्मे फोटो परत आले, बाकी गेले ते गेलेच. पैसे परत दिले, पण त्या बाईंचा चेहरा अजून आठवतो. छंदात फोटो गेला तर आपण हळहळतो, इथे दुसऱ्याचा दिवस जातो. दोन कार्डं बसणारा कॅमेरा नसेल तर दुप्पट रेट सांगू नकोस. त्यानंतर मी परत हौसेवर आलो आणि सुखात आहे.

उजेडवेडा
माझ्यात एकच कार्ड बसतं.

लेन्सकर
म्हणूनच विचारत होतो बॉडी कुठली.

उजेडवेडा (तीन आठवड्यांनी)
अपडेट देतो. नोटीस दिली नाही. दुप्पट रेट सांगायला लागलो. चौकश्या तीन आल्या, एक सरळ नाही म्हणाला, एक "कळवतो" म्हणून गायब, तिसऱ्या बाई लगेच हो म्हणाल्या आणि विचारलं की त्यांच्या दुकानातल्या मुलांच्या कपड्यांचे पण काढाल का, दर सीझनला लागतात. कॅमेरा मित्राचा आणतोय, दोन कार्डंवाला. त्याचं भाडं तो घेत नाहीये, ते हिशोबात कसं धरू?

जुना_ट्रायपॉड
भाडं दिलंस असंच धर. आणि कपड्यांचे किती नग, हे रेट सांगायच्या आधी विचार.

उजेडवेडा
सांगून बसलो 🤦