मदत हवी आहे: डबल ड्यूटीचा ओव्हरटाइम नाकारून फक्त सी-ऑफ दिला, हे नियमात बसते का?

लोटे_ऑपरेटर
लोटे परशुराम येथील एका रासायनिक कारखान्यात मी कायम ऑपरेटर आहे. जुलै २०२५ मध्ये पुढच्या पाळीत माझी जागा घेणारा रिलिव्हर न आल्यामुळे मला सलग दोन पाळ्या कराव्या लागल्या. ओव्हरटाइम मागितला तेव्हा एचआरने सांगितले की, सी-ऑफ, म्हणजे जादा कामाबदल्यात सुटी, दिला आहे, पूर्वपरवानगीची स्लिप नाही आणि संगणकाच्या हजेरीत जादा तास शून्य दिसत आहेत. त्यानंतर अनेकदा विचारूनही तेच उत्तर मिळते. सी-ऑफ दिला म्हणजे ओव्हरटाइम बुडतो का? कृपया नेमके उत्तर द्यावे.

चिपळूणचा_मिलिंद
सी-ऑफ घेतला असेल तर विषय संपला. दोन्ही कधीच मिळत नाहीत. फार तर एका डबल ड्यूटीला दोन सी-ऑफ मागा, कारण दर दुप्पट आहे, म्हणजे सुट्याही दुप्पट व्हायला हव्यात. आमच्या कंपनीत अशीच पद्धत आहे.

निवृत्त_टाइमकीपर
मिलिंदराव, दोन सुट्यांची पद्धत तुमच्या कंपनीची असेल, पण कायद्यात तशी अदलाबदल नाही. जुलै २०२५ मध्ये लागू असलेल्या कारखाना अधिनियम, १९४८ च्या कलम ५९ नुसार दिवसात नऊ किंवा आठवड्यात अठ्ठेचाळीस तासांपेक्षा जास्त काम झाले की जादा तासांना दुप्पट दराने मजुरी द्यावी लागत असे. कलम ५३ मधली बदली सुटी वेगळ्या कारणासाठी आहे. साप्ताहिक सुटी बुडाली तर ती त्याच महिन्यात किंवा पुढच्या दोन महिन्यांत भरून द्यायची असते.

मूळ प्रश्नकर्त्यांनी मात्र सर्वांत महत्त्वाचे लिहिलेलेच नाही. कोणत्या पाळीतून कोणत्या पाळीत थांबलात? वार कोणता होता? सी-ऑफ कोणत्या दिवशी मिळाला? साप्ताहिक सुटी कधी असते? बेसिक आणि महागाई भत्ता किती आहे?

सावंतवाडीची_परिचारिका
आमच्या खाजगी रुग्णालयातही रात्रपाळीनंतर थांबवून घेतात आणि सुटी देतो असे सांगतात, पण ती सुटी कधीच मिळत नाही. आम्हालाही हेच कलम लागू होते का?

निवृत्त_टाइमकीपर
ताई, रुग्णालय म्हणजे कारखाना नव्हे, त्यामुळे ही कलमे तुम्हाला जशीच्या तशी लागू होणार नाहीत. आपण वेगळा धागा काढावा, मी तिथे अवश्य लिहीन.

खेडचा_प्रदीप
जुन्या कारखाना कायद्यात वर्षात २४० दिवस भरले की दर वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस भरपगारी रजा मिळत असे. ती रजा साठवून ठेवा आणि नोकरी सोडताना तिचे पैसे घ्या. माझ्या भावाने तसेच केले.

लोटे_ऑपरेटर
प्रदीपदादा, मी रजेविषयी विचारलेले नाही.

टाइमकीपर साहेब, तपशील देतो. मंगळवार, १५ जुलै. माझी दुसरी पाळी होती, दुपारी ३ ते रात्री ११. त्या रात्री मुसळधार पावसामुळे परशुराम घाटात वाहतूक अडकली, रिलिव्हर पोहोचला नाही आणि रिॲक्टर चालू असल्यामुळे शिफ्ट इन्चार्जने मला बुधवारी सकाळी ७ पर्यंत थांबवले. बुधवारी सी-ऑफ दिला आणि गुरुवारी दुपारी मी पुन्हा दुसऱ्या पाळीत रुजू झालो. साप्ताहिक सुटी रविवारी असते. बेसिक ८,३२० आणि महागाई भत्ता ६,२४० रुपये. जेवणाची अर्ध्या तासाची सुटी आमच्याकडे कामाच्या तासांतच धरतात.

निवृत्त_टाइमकीपर
आता संगणकात शून्य का दिसते ते स्पष्ट झाले. यंत्राने तुमचे काम मध्यरात्री बारा वाजता तोडले आहे. दुपारी तीन ते रात्री बारा हे नऊ तास मंगळवारी पडले आणि बारा ते सकाळी सात हे सात तास बुधवारी पडले. कोणताही दिवस नऊच्या वर गेला नाही, म्हणून जादा तास शून्य.

ही मांडणी चुकीची आहे. कलम ५७ नुसार पाळी मध्यरात्रीच्या पुढे गेली तर मध्यरात्रीनंतरचे तास आदल्या दिवसात धरायचे असतात. त्यामुळे मंगळवारचे काम सोळा तासांचे ठरते आणि त्यातले सात तास जादा होतात.

आठवड्याचा हिशेबही पाहा. कायद्यातला आठवडा शनिवारच्या मध्यरात्री सुरू होतो. सोमवारी आठ, मंगळवारी सोळा, बुधवारी काही नाही, गुरुवार ते शनिवार चोवीस, असे एकूण अठ्ठेचाळीस तास झाले. म्हणजे बुधवारच्या सी-ऑफने आठवड्याचा जादा तास पुसला, पण दिवसाचा पुसला नाही. हाच सी-ऑफ पुढच्या आठवड्यात दिला असता तर या आठवड्याचे काम छप्पन्न तास होऊन आठ तासांचा ओव्हरटाइम लागला असता.

तुमचा दर असा. ८,३२० आणि ६,२४० मिळून १४,५६० रुपये. आमच्याकडे २६ ने भागून दिवसाचे ५६० आणि तासाचे ७० रुपये धरत असत. दुप्पट दर १४० झाला, म्हणून सात तासांचे ९८० रुपये. काही कंपन्या केवळ बेसिकवर ८० रुपयांचा दर लावतात, पण कलमात बेसिकबरोबर भत्तेही धरलेले आहेत.

रत्नागिरी_युनियन
हिशेब मान्य आहे, पण कंपनी एक मुद्दा काढेल याची तयारी ठेवा. बुधवारच्या दिवसाचा पगार तुम्हाला मिळालाच आहे, म्हणजे अठ्ठेचाळीस तासांचे एकपट पैसे पोहोचले आणि आता फक्त वरचा एकपट भाग, म्हणजे ४९० रुपये देणे आहे, असे ते म्हणतील. सी-ऑफ ही पगारी सुटी म्हणून दिली होती की कामाचे तास फक्त सरकवले होते, यावर सगळे अवलंबून आहे. आमच्या मते ती पगारी सुटीच आहे आणि पूर्ण ९८० मागावेत.

निवृत्त_टाइमकीपर
मी एवढ्या ठामपणे सांगणार नाही. मस्टरमध्ये बुधवारच्या रकान्यात काय शेरा आहे आणि कंपनीच्या लेखी धोरणात सी-ऑफची व्याख्या काय आहे, ते आधी पाहावे. ४९० रुपयांच्या खाली मात्र कोणताही हिशेब येत नाही.

चिपळूणचा_मिलिंद
पण पूर्वपरवानगीची स्लिप नसेल तर काहीच मिळत नाही. शिवाय नवीन कामगार संहितेत दिवसाची मर्यादा आठ तास आहे, त्यामुळे सातऐवजी आठ तास धरायला हवेत.

निवृत्त_टाइमकीपर
नवी संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. ही रात्र जुलैमधली आहे, म्हणून जुनाच कायदा पाहायचा.

स्लिपचा नियम कंपनीच्या शिस्तीसाठी असतो. जादा काम करू द्यायचे की नाही हे व्यवस्थापनाने आधी ठरवावे, पण इन्चार्जने स्वतः थांबवून काम करून घेतल्यावर स्लिप नाही म्हणून मजुरी नाकारता येत नाही. रिलिव्हर न आल्यास पुढच्या पाळीत काम करू देण्यासाठी नियम करण्याची तरतूदही कलम ६४ मध्ये आहे. ती तरतूद थांबवण्याच्या परवानगीपुरती आहे, पैसे माफ करण्यासाठी नाही.

पुरावा म्हणून रिॲक्टरची लॉगशीट पाहा. दर तासाच्या तापमानाच्या आणि दाबाच्या नोंदीपुढे ऑपरेटरची आद्याक्षरे असतात. रात्री अकरा ते सकाळी सात या ओळींत तुमची आद्याक्षरे असतील आणि पाळी सोपवण्याच्या वहीत इन्चार्जची सही असेल, तर स्लिपपेक्षा ते भक्कम आहे. अर्जात त्या नोंदींची तारीख आणि वेळ लिहा आणि पोचेवर शिक्का घ्या.

रत्नागिरी_युनियन
अर्जावर उत्तर आले नाही तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे तक्रार करा. सर्वांच्या सह्या गोळा करून एकत्र जावे, एकट्याने जाऊ नये.

निवृत्त_टाइमकीपर
माझे मत वेगळे आहे. आधी एकाच माणसाची, एकाच रात्रीची, तासांसह नोंद असलेली मागणी द्यावी. सह्यांच्या अर्जात तारखा नसतात आणि मग एचआरला मोघम उत्तर देता येते.

लोटे_ऑपरेटर
लॉगशीटवर माझी आद्याक्षरे आहेत, वहीत इन्चार्जची सहीसुद्धा आहे. आज आणखी एक गोष्ट कळली. त्याच महिन्यात माझा एक सहकारी पहिल्या पाळीतून दुसऱ्या पाळीत थांबला होता, सकाळी ७ ते रात्री ११. त्याच्या हजेरीत सोळा तास दिसतात आणि त्याला सात तासांचा ओव्हरटाइम मिळालेला आहे. त्याच्याकडेही स्लिप नव्हती.

निवृत्त_टाइमकीपर
हे अर्जात पहिल्याच परिच्छेदात लिहा, मात्र त्या सहकाऱ्याची संमती घेऊन. त्याला सी-ऑफ मिळाला होता का आणि तो कोणत्या आठवड्यात, एवढे विचारून इथे कळवा. ४९० की ९८० हा वाद त्यावरून बराचसा सुटू शकेल.