मदत हवी आहे: पानशेतच्या पुरावरच्या व्हिडिओत एआयची दृश्यं आहेत, व्हिडिओ टाकताना यूट्यूब विचारतं त्या 'Altered content' च्या प्रश्नाला Yes करू का No?

मुठाकाठ
जुन्या पुण्यावर माझं छोटं यूट्यूब चॅनेल आहे. १२ जुलै १९६१ च्या पानशेत पुराचा व्हिडिओ तयार आहे, अजून टाकलेला नाही. त्यात लकडी पूल पाण्याखाली जातानाची रंगीत दृश्यं पूर्णपणे एआयने बनवलेली आहेत, पण कॅमेऱ्याने टिपल्यासारखी वाटतात. शिवाय एका जुन्या फोटोतली माणसं किंचित हलवली आहेत, माझ्या आवाजातली खरखर काढली आहे आणि संहितेचा पहिला खर्डा एआयकडून घेतला आहे. सुरुवातीला काही सेकंद 'काल्पनिक चित्रण' अशी पाटी आहे. तेवढी पुरे ना? Yes केलं तर व्ह्यूज पडतील अशी धास्ती आहे.

रीलवाला_सातारा
No ठेवा भाऊ. Yes केलं की मॉनेटायझेशन गेलंच म्हणून समजा. गेल्या वर्षी जुलैत नियम आला ना, एआयच्या व्हिडिओला पैसे नाहीत असा.

संकलक_मीनल
दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होतेय. जुलै २०२५ चा बदल साच्यातून घाऊक काढलेल्या, एकसारख्या व्हिडिओंबद्दल होता, आणि तोही जुन्याच नियमाचं नाव बदलून. 'Altered content' चा प्रश्न मार्च २०२४ पासून आहे. तिथे Yes केल्याने प्रेक्षक किंवा कमाई कमी होत नाही असं यूट्यूबनेच लिहिलंय. उलट वारंवार लपवलं तर व्हिडिओ काढणं, कमाईच्या कार्यक्रमातून बाहेर काढणं इथपर्यंत जातं. शिवाय ते स्वतःहून लेबल लावू शकतात आणि ते तुम्हाला काढता येत नाही.

आता तुमचं. खर्डा आणि खरखर सोडून द्या, ते सांगावं लागत नाही. लकडी पुलाची दृश्यं मात्र सरळ Yes मध्ये जातात, कारण घटना खरी, जागा खरी आणि दृश्य खरं वाटणारं. हेच कार्टूनसारखं काढलं असतंत तर विचारायची गरज नव्हती. तुमची पाटी चांगली आहे, पण ती Studio मधल्या उत्तराची जागा घेत नाही. Details मध्ये खाली जाऊन Yes करावंच लागतं.

लग्नसराई_फोटो
माझाही तोच त्रास! नवरीच्या मागची एक वायर पुसली तर एका ॲपने माझ्या फोटोवर एआयचं लेबल डकवलं. गिऱ्हाईक विचारतंय, फोटो खोटा आहे का? ते काढायचं कसं?

संकलक_मीनल
दादा, तुमचा प्रश्न वेगळा आहे. ते लेबल बहुधा एडिटिंगच्या सॉफ्टवेअरने फाइलमध्ये लिहिलेल्या नोंदीवरून आपोआप लागलं असेल. वेगळा धागा काढा, इथे हरवेल.

मुठाकाठ
Yes करतो मग. पण ते लेबल कुणाला दिसणार? आणि फोटोतली माणसं हलवली त्याचं काय?

संकलक_मीनल
खरी मेख तीच आहे. साधारण विषयात लेबल वर्णन उघडल्यावर 'How this content was made' खाली दिसतं, आणि वर्णन उघडतं कोण? निवडणूक, आरोग्य, बातम्या, पैसा असे विषय असतील तर ते थेट व्हिडिओवर येतं. तुमच्या बाबतीत धोका वेगळाच आहे. कुणीतरी मधला पुलाचा तुकडा कापून 'पानशेत पुराचं दुर्मिळ चित्रीकरण' म्हणून व्हॉट्सॲपवर फिरवेल. यूट्यूबचं लेबल त्याच्यासोबत जात नाही, आणि सुरुवातीची पाटीही मागेच राहते. म्हणून बनवलेल्या प्रत्येक दृश्यावर, ते दिसतंय तोवर, 'एआय दृश्य' असं चित्रातच लिहा. अगदी कोपऱ्यात नको, तो कापला जातो.

फोटोचं म्हणाल तर नुसता स्वच्छ केला असता तर काही नाही. पण माणसांना जी हालचाल दिली ती त्यांनी केलेली नाही, म्हणून मी तोही सांगण्यातच धरीन.

रीलवाला_सातारा
हे मात्र अति झालं. डोळ्याची पापणी हलली तर काय फसवणूक?

संकलक_मीनल
पापणीवर वाद घालता येईल, पटतंय. पण Yes तर पुलासाठी करायचंच आहे, ते अख्ख्या व्हिडिओला एकदाच लागतं. आणि २० फेब्रुवारी २०२६ पासून भारताच्या आयटी नियमांतही मोठ्या प्लॅटफॉर्मनी टाकणाऱ्याकडून हे विचारून घ्यायचं आहे.

नारायणपेठकर
मी पूर पाहिला आहे, शाळकरी होतो. तुम्ही इथे धाग्यात थंबनेल लावलंय त्यात रात्र आणि विजा दिसतात. धरण सकाळी फुटलं, गावात पाणी आलं ते दिवसाउजेडी. लेबल लावलं तरी नातवंडं रात्रच लक्षात ठेवतील.

मुठाकाठ
काका, ते दृश्य आजच बदलतो. मीनलताई, थंबनेलवर पण लिहू का? तिथे जागाच नाही.

संकलक_मीनल
थंबनेलला खरा कृष्णधवल फोटो लावा की, ज्यांचा आहे त्यांना विचारून.